विज्ञानाच्या मास्तराचं निदान

बायकोला अडतिसावा आठवडा लागला होता. सकाळी ती म्हणाली, "अहो, पाणी जातंय, थांबंना झालंय." मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो, त्यामुळं निदान तयारच होतं. "लघवी असंल गं. बाळाचा दाब पडतोय." मग गादी उन्हात टाकून मी निवांत चहा ठेवला. दोन तासांनी तीच वैतागून रिक्षात जाऊन बसली, तेव्हा मी चपला शोधल्या.

निपाणीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनाही मी माझं निदान ऐकवलं. त्यांनी उपकरण घालून आत पाहिलं, तर पाणी साचलेलं दिसत होतं. त्या पाण्यानं आम्ल-आम्लारी ओळखायची पिवळी पट्टी निळी झाली. ती माझ्यापुढं धरून त्या म्हणाल्या, "मास्तर, हे गर्भजल हाय. पाणमोट फुटलीय."

ताप नव्हता, बाळाचे ठोके ठीक होते, कळा मात्र नव्हत्या. मी हळूच विचारलं, "मग उद्यापर्यंत थांबूया? आज अमावस्या हाय."

"बाळ पुऱ्या दिवसांचं हाय. आता थांबलो तर जंतू आत शिरायचा धोका वाढणार. कळांचं सलाईन लावूया."

बायको म्हणाली, "लावा बाई. आणि अमावस्या सोसत नसंल तर ह्यांना घरी धाडा."

संध्याकाळी लेक झाली, अगदी ठणठणीत. मी छाती फुगवून तिला उचललं आणि तिनं माझा शर्ट भिजवला.

बायको खाटेवरून हसत म्हणाली, "मास्तर, ही लघवी."