उकंडरावांनी मोतीला निजवलं त्या रात्रीची गोष्ट

रिठदचे उकंडराव बोलायला महाकंजूस माणूस. चार भाऊ-बहिणी पाळण्यातच गेले, म्हणून पाचव्याला नजर लागू नये यासाठी आईनं त्याला जन्मताच उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, ठेवून परत उचललं, आणि तेच नाव चिकटलं. पंचवीस एकरांची शेती, दोन बैलजोड्या, आणि गावात एकच ख्याती: हा माणूस खोटं बोलत नाही. पंचायतीत साक्ष द्यायची वेळ आली की दोन्ही बाजू उकंडरावांनाच बोलवायच्या. ते यायचे, दोन वाक्यं बोलायचे आणि घरी जायचे.

सन चौतीसच्या पौषातली ही हकिकत. त्यांची एकुलती एक लेक रुख्मिणी आसेगावाहून दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली. पहिल्या खेपेला नदीला पूर होता, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. पुढं सासू अंथरुणाला खिळली, आणि येणं राहूनच गेलं. या खेपेलाही कापसाची वेचणी आटोपता आटोपता नववा महिना लागला. दीड दिवस बैलांच्या दमणीत हाडं खिळखिळी करून मायलेकी दुपारी दारात उतरल्या. लेकीची लेक मोती, अडीच वर्षांची. आजोळचं घर तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

दिवस मावळतो न मावळतो तोच रुख्मिणीच्या पोटात कळा सुरू झाल्या. तिच्या आईनं, गोजराबाईंनी, धनीबाई सुइणीला बोलावणं धाडलं, मधल्या खोलीत बाज टाकली, निखाऱ्यांची शेगडी आत नेली आणि दार लावून घेतलं. लावण्याआधी मोतीला उचलून त्यांनी नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं. पोरीला खाऊ घातलं आहे, आता फक्त निजवायचं, एवढंच त्या म्हणाल्या.

उकंडराव चाट पडले. बावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांनी एकही लेकरू निजवलं नव्हतं.

मोती रडली नाही. बंद दाराकडं बघत बसली. उकंडरावांनी तिला ओसरीवरच्या गोधडीवर निजवलं, वाकळ पांघरली आणि कंदिलाची वात खाली केली. पोरगी ताडकन उठून बसली. त्यांनी पुन्हा निजवलं, ती पुन्हा उठली. मग लेकराला गोष्ट सांगतात हे त्यांना आठवलं. गोष्ट कुठली सांगायची? त्यांना ठाऊक होती ती घडलेली. एका हिवाळ्यात शेतात जागलीवर असताना माचाखाली वाघीण आली होती. ती त्यांनी सांगायला घेतली, नीट, साक्षीत सांगावी तशी: चांदणं किती होतं, ज्वारीची कणसं कशी हलली, वास कसा आला. मोतीचे डोळे मोठे होत गेले. पोरगी ऐकते आहे, असं समजून त्यांना बरंही वाटलं. वाघीण गुरगुरली तसे तेही घशातून गुरगुरले, आणि मोतीनं अशी किंकाळी फोडली की गोठ्यात बैल उठून उभे राहिले. गोधडी ओली झाली.

उकंडराव हबकून गेले. त्यांनी गोधडी बदलली, पोरीचं झबलं बदललं. भिंतीवर पाल चुकचुकली, मोती दचकली. खुंटीवरच्या घोंगडीची सावली हलली, मोती दचकली. तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं की या घरातला प्रत्येक आवाज आपल्याला पन्नास वर्षांचा ओळखीचा, आणि हिला एकही नाही. हिच्यासाठी घरभर वाघच वाघ आहेत.

"माय?" मोतीनं विचारलं.

"माय रिसोडच्या बाजारात गेली," ते बोलून गेले.

मोतीनं बंद दाराकडं बोट केलं. "माय तिथं."

त्याच क्षणी आतून रुख्मिणी कण्हली. सबंध गावात ज्याला कुणी कधी खोटं पाडलं नव्हतं, त्याला अडीच वर्षांच्या पोरीनं जागच्या जागी पकडलं होतं. ती रागावली नव्हती. फक्त त्यांच्यापासून हातभर सरकून बसली, आणि ते सरकणं त्यांना थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

मग उठून त्यांनी दमणीतलं गाठोडं आणलं आणि त्यातून रुख्मिणीचं जुनं मऊ लुगडं काढून मोतीच्या हातात दिलं. तिनं ते नाकाशी धरलं. अंगठा तोंडात गेला. उकंडराव तिच्या शेजारी आडवे झाले, कारण बसलेला माणूस उठून जाऊ शकतो हे पोरीच्या नजरेत त्यांना दिसत होतं. आणि त्यांनी दुसरी गोष्ट सुरू केली. तिच्यात काहीच घडत नव्हतं.

"एक होती मोती. मोती दमणीत बसून आली आबाच्या घरी."

मोतीनं मान वळवली. गोष्टीत आपण आहोत याचं तिला नवल वाटलं असावं.

"दिवस बुडाला. कोंबडी निजली खुराड्यात. वासरू निजलं गोठ्यात. चूल निजली राखेखाली. पाल म्हणे चुकचुक. पाल वरतीच राहते, खाली येत नाही. घोंगडी खुंटीवर हाय, ते आबाचीच हाय. माय खोलीत हाय. दार लावलं हाय. उजाडलं की दार उघडन. आबा इथंच हाय. मोती इथंच हाय. अन् मोती निजली."

गोष्ट संपली आणि आतून रुख्मिणीनं किंकाळी फोडली. मोती उठून बसली, ओठ थरथरायला लागले. काही झालं नाही असं म्हणायला उकंडरावांनी जीभ उचलली, पण मघाचं हातभर सरकणं आठवलं. त्यांनी तीही किंकाळी गोष्टीत घेतली.

"माय वरडली. माय लय जड काम करून राह्यली. जड काम करताना माणूस वरडते. धनीबाई जवळ हाय, आजी जवळ हाय." थोडं थांबून, आवाज आणखी खाली उतरवून ते पुढं म्हणाले, "कोंबडी निजली खुराड्यात."

मोती हळूच आडवी झाली. "वासलू," ती म्हणाली.

"वासरू निजलं गोठ्यात."

दुसऱ्या फेरीत चूल सांगायची राहून गेली, तर मोतीनं अंगठा काढून "चूल" म्हणून बजावलं. साक्षीदाराला शब्द बदलून चालत नाही हे उकंडरावांना ठाऊक होतं. लेकराच्या गोष्टीतही चालत नाही, हे त्या रात्री कळलं. तिला पुढचं आधीच माहीत असायला हवं होतं. पुढं काय येणार हे माहीत होतं तेवढीच जागा त्या परक्या घरात तिची होती. तिसऱ्या फेरीला ते प्रत्येक वाक्यानंतर एक श्वास थांबू लागले. शेवटचा शब्द अर्धवट सोडला की मोती तो पुरा करायची. चौथ्या फेरीला नुसते ओठ हलले. पाचव्या फेरीला तेही नाही. तिच्या मुठीत त्यांचं बोट होतं, ते त्यांनी सोडवलं नाही. गोष्ट आणखी दोनदा सांगितली, कारण खोलीतलं कण्हणं थांबलं नव्हतं आणि त्यांना स्वतःला ती लागत होती.

कोंबडा आरवायच्या सुमाराला आत बाळ रडलं. गोजराबाई बाहेर आल्या. नातू झाला, बाळंतीण सुखरूप आहे, असं त्या सांगणार होत्या, पण ओसरीचा देखावा बघून उंबऱ्यातच थबकल्या. नवरा एका कुशीवर आखडून पडलेला, डोळे टक्क उघडे, आणि पोरगी त्याच्या दंडावर गाढ झोपलेली.

खरा हलकल्लोळ उजाडल्यावर झाला. उकंडरावांनी खोलीचं दार उघडायला सांगितलं. गोजराबाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पाचवी पुजल्याशिवाय बाहेरचं लेकरू बाळंतिणीपाशी जायचं नाही, हा त्या घराचा नेम. आणि तो सगळ्यांत कडक पाळणारे उकंडरावच. धनीबाईच्या हातातलं तेलाचं भांडं तसंच राहिलं.

"आवं, बाधा होईन ना लेकराले," गोजराबाई म्हणाल्या. "काहून असं करून राह्यले तुमी?"

"उजाडलं की दार उघडन, असं म्या तिले सांगतलं हाय."

"लेकराले सांगतलं ते काय खरं करा लागते?"

"तिलेच तं खरं करा लागते," उकंडराव म्हणाले. "बाकीचे खरं-खोटं दुसऱ्याले इचारून घेतात."

गोजराबाईंनी मोतीला कोमट पाण्यानं न्हाऊ घातलं, धुतलेलं झबलं चढवलं, आणि तोंडानं पुटपुटत दार उघडलं. उकंडराव पाठ करून अंगणात उभे राहिले. मोती धावली नाही. आईजवळचं ते लालबुंद, मुठी आवळलेलं काहीतरी बघून ती जागच्या जागी थिजली. रुख्मिणीनं हात पुढं केला तशी ती गेली, आईच्या गालाला गाल लावला, आणि मग मोठ्या गंभीरपणे तिला सांगितलं की पाल वरतीच राहते.

पाचवीच्या दिवशी उकंडराव दाराशी येऊन बसले. रुख्मिणी आतून म्हणाली की त्या रात्री भिंतीपलीकडून तिला सगळी गोष्ट ऐकू येत होती. कळ आली की ती कोंबडीपासून मोजायला लागायची, आणि आबा इथंच हाय इथवर पोचेपर्यंत कळ ओसरायची. मग तिनं विचारलं,

"बाबा, मले काहून नाही सांगतली कधी?"

तेवीस वर्षांची लेक. ती लहानपणी कशी निजायची, कुठल्या कुशीवर, काय हातात धरून, हे उकंडरावांना आठवून पाहूनही आठवेना. आठवायला त्यांनी ते पाहिलंच नव्हतं.

"माह्ये बाप ओसरीत बसले राह्यत," ते म्हणाले. "त्यायच्या समोर आपलं लेकरू घेत नव्हते तवा."

रुख्मिणीनं हूं म्हटलं. तो नेम तिलाही माहीत होता. तिच्या सासरी अजून तोच चालत होता. उकंडराव उठले आणि शेवटच्या वेचणीला म्हणून वावरात गेले, पण अर्ध्या तासातच परत आले. गोजराबाईंनी विचारलं, तर म्हणाले, बाळाचं डोकं कोणत्या बाजूला ठेवून निजवतात ते पाहून घ्यायचं राहिलं.