लादीवरची तीच रेघ

अंधेरीत एका खोलीवजा ऑफिसात बसून मी इन्शुरन्सच्या दाव्यांचे फोटो तपासतो. एखादी वस्तू फोटोत मागाहून घातली आहे का, किंवा होती ती पुसून टाकली आहे का, एवढंच सांगायचं. या कामाची खोड लागते. कुणी लग्नाचे फोटो दाखवले तरी मी नवरानवरीच्या आधी सावल्या बघतो. त्या खोडीचा मला फार माज होता.

प्रकरण साधं होतं. ऑफिसपासून दहा मिनिटांवरच्या एका इमारतीच्या लॉबीत सकाळी एक आजोबा घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं. लॉबीतला कॅमेरा नेहमीप्रमाणे बंद होता. लादी पुसणाऱ्या मावशींचं म्हणणं, 'लादी ओली आहे' हा पिवळा बोर्ड आपण लावला होता. पुसून झालं की बोर्डासकट फोटो काढून कामाच्या ग्रुपवर टाकायचा, हा त्यांच्या ठेकेदाराचा नियम. तो फोटो माझ्याकडे आला. बोर्ड खरा ठरला तर मावशींची नोकरी राहणार, खोटा ठरला तर जाणार.

मी नेहमीसारख्या रेघा ओढल्या. वस्तूच्या टोकापासून तिच्या सावलीच्या टोकापर्यंत एक रेघ, अशी प्रत्येक वस्तूची. उजेड एकाच सूर्याचा असेल तर त्या सगळ्या रेघा पुढे वाढवल्यावर एकाच बिंदूकडे जातात. पुढच्या दारातल्या कुंड्यांच्या सावल्या आत पडत होत्या. खांबाच्या मागे ठेवलेल्या बोर्डाची सावली मात्र उलटी, दाराकडे. मग लादी बघितली. बोर्डाशेजारच्या लादीवर उंदराच्या शेपटीसारखी एक करडी रेघ होती, शेजारी एक ठिपका. तीच रेघ, तोच ठिपका, दोन लाद्या सोडून पुन्हा. म्हणजे इथे आधी बादलीबिदली काहीतरी असणार, ती फोटोतून मिटवून त्यावर तिथली लादी चिकटवली, आणि बोर्ड वरून बसवला. अशी झकास गोष्ट मी स्वतःलाच सांगितली आणि तशीच अहवालात लिहिली. मावशींना काढलं.

दोन महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी सकाळी दहाच्या सुमारास मी त्या लॉबीत उभा होतो. नवीन बाई लादी पुसत होती. तिने खांबामागे बोर्ड ठेवला आणि त्याची सावली दाराकडे पडली. मी मागे वळून बघितलं. मागच्या काचेच्या दारातून गल्लीपलीकडचा उंच काचेचा टॉवर दिसत होता आणि त्यावर सूर्य तळपत होता. समोरून खरं ऊन, मागून टॉवरने परतवलेलं. खांबाच्या आडोशाला खरं ऊन पोचतच नव्हतं. मी खाली बसलो. करडी रेघ, ठिपका. दोन लाद्या सोडून पुन्हा. आणि पुढेही. छापील लाद्या होत्या, चार-पाच नक्षी आलटून पालटून बसवलेल्या.

चिकटवलेला तुकडा मूळ तुकड्याशी फोटोतल्या बारीक दाण्यादाण्याने जुळतो, नुसत्या रेघेने नाही. ग्रुपवर टाकलेला फोटो दाबून लहान केला जातो, ते दाणे पुसट होतात, म्हणून मूळ फोटो मागवायचा असतो. तो मावशींच्या फोनमध्ये होता. मी मागितला नव्हता. हे मी नवीन पोरांना शिकवतो.

इन्शुरन्स कंपनीला आणि मावशींच्या ठेकेदाराला दुरुस्तीचा मेल पाठवला. मग पत्ता मिळवून गोवंडीला मावशींकडे गेलो. दारातच सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी पाणी दिलं.

"तुमचं ऑफिस कुठेय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"म्हणजे जवळच की. तेव्हा एकदा येऊन बघायचं ना."

आळस होता आणि घमेंड होती, ती कशी सांगणार.

"साहेबाला मेल केलात ते ठीक," त्या म्हणाल्या. "पण मला खोटी म्हटलं ते सगळ्या बायकांसमोर, सकाळच्या हजेरीला. तिथे सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी त्या इमारतीत हजेरीला गेलो. सुपरवायझरने कपाळाला आठ्या घातल्या, पण बोलू दिलं. वीसेक बायका बादल्या घेऊन उभ्या होत्या. मी टॉवरचं ऊन सांगितलं, लाद्यांची नक्षी सांगितली, चूक माझी होती, मावशी खरं बोलत होत्या, हेही सांगितलं. शिकवणीत बोलावं तसं जरा लांबतच गेलं.

पुढच्या रांगेतली एक वयस्क बाई माझं संपेपर्यंत थांबली.

"आम्हाला माहितेय, साहेब," ती म्हणाली. "रोज आम्हीच पुसतो ना ती लादी. तुम्ही विचारलं कुठे?"

मग सगळ्या आपापल्या मजल्यावर कामाला गेल्या.