दर चौथं घर

युद्धाच्या दिवसांत मी वाशिमच्या एका साप्ताहिकात प्रुफं तपासत होतो. नागपूरला गणित शिकून आलेला माणूस आपल्याकडे प्रुफं तपासतो याचा संपादकांना अभिमान होता आणि मला राग. तो राग मी अंकातल्या आकड्यांवर काढत असे.

एका आठवड्यात मी तापानं निजलो होतो आणि नेमका तेव्हाच पहिल्या पानावर तक्ता छापून आला. जवळच्या शिरपुरातल्या पन्नास माणसांना विचारलं, त्यांतले एकोणतीस मुलींच्या पाचवीच्या वर्गाविरुद्ध. म्हणजे अठ्ठावन्न टक्के. वर मथळा होता, ‘गावाचा बहुमतानं नकार’. ती पाचवी माझी थोरली बहीण शिकवत होती. लोकल बोर्डानं वर्ग एकाच वर्षापुरता मंजूर केला होता. पुढं चालवायचा की नाही हे महिन्याभरात होणाऱ्या सभेत ठरायचं होतं आणि सभापतींनी तक्ता कापून ठेवल्याचं आमच्या कानावर आलं होतं.

मी ताप अंगावर घेऊनच कचेरी गाठली.

“पन्नास माणसांत चौदा टक्के इकडं किंवा तिकडं होऊ शकतात,” मी संपादकांना म्हणालो. “खरा आकडा चव्वेचाळीसही असंल, बहात्तरही असंल. बहुमत कोठून काढलं तुमी? आन् तेही चिठ्ठ्या टाकून माणसं निवडली असती तर! आपला बातमीदार बाजारात हुभा राहिला, दिसंल त्याले विचारलं.”

“प्रश्न तरी बरोबर होता ना?”

मी बातमीदाराचा कागदच पुढं केला. ‘घरची आणि शेतातली कामं टाकून मोठ्या मुलींनी शाळेत जावं, हे तुम्हांस योग्य वाटतं काय?’ असा प्रश्न विचारल्यावर हो म्हणायला छातीच लागते.

संपादक सरळ माणूस. त्यांनी चष्मा काढला नि म्हणाले, “मंग तू कर. तुह्या पद्धतीनं कर. जे येईल ते सभेच्या आधी छापतो. पण जे येईल ते, बरं का.”

मी लगेच हो म्हणालो. माझ्या मनात निकाल आधीच बहिणीच्या बाजूनं लागला होता.

शिरपुरात आठशेच्या आसपास घरं. कोतवालाकडून ओळीनं यादी केली, एक ते चारमधली एक चिठ्ठी उचलली आणि तिथून दर चौथं घर धरलं. दोनशे घरं झाली. कुलूप असलं तर शेजाऱ्याला विचारायचं नाही, संध्याकाळी पुन्हा त्याच दारात जायचं. प्रश्न सगळ्यांना एकच, साध्या शब्दांत: ‘गावात मुलींची पाचवी राहावी, की राहू नये?’ घरातला कर्ता माणूस उत्तर देई, मी रेघ ओढी. एकानं पाणी दिलं आणि मायेनं म्हटलं, “भाऊ, तुमी चांगले मानूस हा, पन नगो.” मी त्याच्यासमोरच नकाराची रेघ ओढली.

दहा दिवसांनी बेरीज केली. दोनशेत एकशे छत्तीस नको. अडुसष्ट टक्के, चुकीला जागा फार तर सात टक्क्यांची. एकसष्टच्या खाली जायलाच तयार नाही. तीनदा मोजलं, कारण माझा विश्वास बसेना.

मग कोणत्या घरानं काय सांगितलं ते यादीवर पुन्हा पाहिलं, तेव्हा कळलं. बाजारात देवळाजवळचे दुकानदार जास्त भेटतात, त्यांना पोरी शिकलेल्या चालतात. वाकड्या प्रश्नानं नकार वाढवला होता, तर बाजारानं तो त्याहून जास्त कमी केला होता. मला फक्त माझ्या सोयीची चूक दिसली होती. दुसरीकडं मी बघितलंच नाही, आणि याची मला आजही लाज वाटते.

आक्काला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

“आकडा खरा हाय?”

“खरा आहे.”

“मंग छाप.”

संपादकांनी तो छापला. सभेत सभापती म्हणाले की पहिल्या तक्त्यावर त्यांचा काही भरवसा नव्हता, या दुसऱ्यानं मात्र शंकेला जागा ठेवली नाही. पद्धतीचं कौतुक झालं, माझं नाव घेतलं गेलं. वर्ग बंद झाला.

आक्का फळ्याखालचं सामान बांधत होती तेव्हा मी मदतीला गेलो. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, “वर्गात अकरा पोरी. सभेच्या आधी म्याही इचारलं होतं, शाळा पाह्यजे का नाही. अकराच्या अकरा हात वर.”

“आक्का, मले काहून नाही सांगितलं?”

“तू दोनशे घरं फिरला. एका तरी पोरीले इचारलं?”

मी खडूची पेटी उचलली. तिचं झाकण नीट बसत नव्हतं, म्हणून सुतळीनं बांधली.