सत्तर टक्के

धारगळच्या शाळेत सगुण बावीस वर्षे प्रयोगशाळा सांभाळत होता. सोलर हीटरच्या मॉडेलची तांब्याची नळी त्यानेच वाळू भरून, कुठेही न चेपता गोल वळवली. म्हणून विज्ञान प्रदर्शनाच्या फलकावर विज्ञानाच्या शिक्षिका ऋतिकाबाईंनी पहिल्यांदाच त्याचे नाव लिहिले होते. बायकोला घेऊन तो फलक पाहायला जायचे त्याने ठरवले होते.

दुपारी मॉडेल तासभर उन्हात ठेवल्यावर बाईंनी टाकीत वरच थर्मामीटर बुडवला. तीस अंशांचे पाणी चोपन्नावर! दहा लिटर पाणी, अर्धा चौरस मीटर काच, चौरस मीटरला आठशे वॉटचे ऊन. बाईंनी हिशेब केला आणि कार्यक्षमता सत्तर टक्के लिहिली.

"बाई, पाणी अजून ढवळूक नाय," सगुण म्हणाला. "गरम पाणी वरच रवता." आणि सवयीने त्याने काठी फिरवली. पारा पंचेचाळीसवर उतरला. पंधरा अंशांची वाढ, म्हणजे जेमतेम चव्वेचाळीस टक्के.

प्रदर्शनात भाग घेणाऱ्या मुली पाहत होत्या. बाईंचा चेहरा लाल झाला.

"सगुणभाऊ, तुम्ही नळी वाकवलीत, विज्ञान नाही. कढी ढवळायची हौस असेल तर घरी ढवळा."

मुली फिदीफिदी हसल्या. सगुणही कसनुसा हसला.

"सत्तरच राहील. आणि फलकावर मदतनिसाचं नाव बरं दिसत नाही. त्यावर पांढरा कागद लावा."

कागद आणायचे काम त्याचेच होते. त्याने आपल्या नावावर पट्टी ठेवून माप घेतले, कागद कापला आणि एकही सुरकुती पडू न देता चिकटवला.