एका मुलीची रेघ

परीक्षेचं वेळापत्रक आमच्या कॉलेजात मी करते, कारण मी गणित शिकवते आणि बाकीच्यांना त्या वेळी नेमकं काहीतरी काम निघतं.

पद्धत सोपी आहे. प्रत्येक विषयाचं एक वर्तुळ काढायचं. दोन विषय घेतलेला एक जरी विद्यार्थी असला, तरी त्या दोन वर्तुळांमध्ये रेघ मारायची. मग रंग भरायचे. रेघेने जोडलेल्यांना एकच रंग द्यायचा नाही. एक रंग म्हणजे एक दिवस.

प्राचार्यांनी बजावलं होतं, "मंगळवारपासून चार दिवसांत उरका. शनिवारी हॉल स्नेहसंमेलनाला दिलाय." आणि माझ्या कागदावर पाच विषय असे अडकले होते, की प्रत्येकाची रेघ उरलेल्या चौघांना. पाच रंग लागणारच. खोडा, भरा, पुन्हा खोडा. चहा गार झाला, बोटं रंगली. मी सारखी उठून खिडकीशी जात होते, जणू तिथे उपाय टांगलाय!

मग दिसलं. संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र यांच्यातली रेघ एकाच मुलीची होती. संख्याशास्त्र तिचं मागच्या वर्षीचं राहिलेलं. तो विषयही माझ्याकडेच, मीच तिला दोनदा नापास केलेलं. ती रेघ नसती, तर दोन्ही विषय एका रंगात बसत होते आणि बाकीचं सगळं चार दिवसांत. कशाला येतेय ती पेपरला, म्हटलं, आणि रेघ पुसली. प्राचार्य खूश झाले. मला मात्र तीन दिवस कुठेच धड बसवेना.

चौथ्या दिवशी ती आलीच. विश्रांतवाडीहून दोन बस बदलून. हॉल तिकीट माझ्यापुढे ठेवलं. दोन्ही पेपर गुरुवारी, सकाळी अकराला.

"मॅडम, मला नोकरीचं पत्र आलंय. संख्याशास्त्र सुटलं तरच घेणार आहेत. यंदा दोन्ही सुटलेच पाहिजेत." मग तीच मला सांभाळून घेत म्हणाली, "एवढ्या याद्या असतात. नजरचुकीने झालं असेल."

हो म्हटलं असतं तर मी सुटले असते. पण तिचा तो समजूतदारपणा मला सहन होईना. चिडूनच बोलले, "नजरचूक कसली! दिसली होतीस तू. मी पुसली रेघ."

"दिसले होते?"

मी कागद पुढे केला. पुसल्याची खूण स्पष्ट होती. तिने ती बराच वेळ पाहिली. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"मग परत काढा," ती म्हणाली.

काढली. पाचवा रंग भरला, संख्याशास्त्र शनिवारी टाकलं आणि कागद घेऊन उठले. "प्राचार्यांची सही आणते. तू जा घरी, उशीर होईल. मी कळवते."

"मी इथेच थांबते."

"अगं, विश्वास नाही का माझ्यावर?"

"नाही, मॅडम," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.