जनरेटरच्या खोलीची चावी

उमरग्याच्या अलीकडं, हायवेला लागून असलेल्या एका दूध शीतकरण केंद्रात मी काही वर्षं तपासणी विभाग सांभाळला. लोहाऱ्याहून सकाळी जीपनं यायचं आणि गावागावांतून पिकअपमधून आलेलं दूध तपासायचं: वास, फॅट, भेसळ, उकळल्यावर फाटतं का. पास झालं की ते चिलरमधून थंड होऊन मोठ्या टाकीत जायचं. चिलर, कॉम्प्रेसर आणि जनरेटर मामांच्या हातात. मामा म्हणजे आमचे जुने ऑपरेटर. पन्नाशी ओलांडलेले, मेंढपाळाच्या घरातले, बोलायला कमी. सगळे त्यांना मामाच म्हणत.

मी लागले तेव्हाचे साहेब आम्हाला फार ढिले वाटायचे. हजेरी घेत नसत, मागं उभं राहत नसत. पण संध्याकाळी खुर्ची घेऊन बसले की एकेकाला विचारत, "आज काय ठरवलं? का ठरवलं?" उत्तर नसलं की माणूस घामाघूम व्हायचा. सुट्ट्या कुणी कधी घ्यायच्या, पिकअप आधी कुठला रिकामा करायचा, हे आम्हीच ठरवायचो. चुकलं तर सांगायचं, आणि पुढच्या वेळी काय करणार तेही सांगायचं. कॅन धुणाऱ्यांतला एकजण नेहमी गायब व्हायचा. साहेबांनी त्याला ओरडण्याऐवजी टँकर रवाना करायचं काम पूर्ण सोपवलं. टँकर अडकला की ड्रायव्हर त्याच्याच नावानं बोंब मारायचे. तो देवमाणूस झाला नाही, पण गायब व्हायचा थांबला.

त्या साहेबांची बदली झाली आणि नवे साहेब आले. ते वाईट माणूस नव्हते, हे आधी सांगते. आमच्या सगळ्यांच्या आधी यायचे, डबा केबिनमध्येच खायचे, आजारी असले तरी रजा घ्यायचे नाहीत. आधीच्या ठिकाणी त्यांच्या हाताखालच्या लोकांनी डिझेल विकलं होतं आणि खुलासे यांना द्यावे लागले होते. त्यातून त्यांनी एकच गोष्ट शिकून घेतली होती. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले, "मॅडम, कामाची आवड वगैरे पुस्तकात असतं. नजर हटली की माणूस बसतो. बसला की हात मारतो."

मग कॅमेरे लागले. चहाला जाताना सांगून जायचं. एखादा कॅन नाकारायचा असला तर मी आधी त्यांना फोन करायचा. आणि जनरेटरच्या खोलीला कुलूप. एक चावी त्यांच्या खिशात, दुसरी केबिनमध्ये, आणि केबिनची चावी पुन्हा त्यांच्याच खिशात.

मामा एकदाच बोलले. "साहेब, लाइट गेली तर चावी लगेच लागंल. दूध वाट बघत न्हाय."

"मी आहे ना इथं," साहेब म्हणाले. "आणि चावी मोकळी ठेवली की डिझेल किती जातं ते मला माहीत आहे."

मामांनी मान खाली घातली आणि गेले. त्यांच्या हातून डिझेलचा थेंब गेलेला कुणी पाहिला नव्हता. साहेबांनी त्यांना चोर म्हटलंही नव्हतं. नुसती चावी काढून घेतली होती.

त्यानंतर केंद्रात हळूहळू काहीतरी बदललं. मामा पूर्वी कॉम्प्रेसरचा आवाज जरा वेगळा आला की उठून बघायचे. आता बघत, पण साहेबांनी सांगितल्यावर. कॅन धुणारे विचारायला लागले, पाणी गार आहे, गरम करू का? टँकर रवाना करणारा तो पुन्हा गायब व्हायला लागला, फक्त आता कॅमेरा कुठवर पोचतो ते बघून. साहेब दिवसभर फोनवर वैतागलेले असत. मला म्हणाले, "बघा, इतक्या माणसांत एकाचं डोकं चालत नाही. सगळं मलाच बघावं लागतं." ते खरंच थकत होते. आणि प्रत्येक नव्या प्रश्नानं त्यांचं मत आणखी पक्कं होत होतं.

एप्रिलमधल्या एका दिवशी साहेब बैठकीसाठी धाराशिवला गेले. चाव्यांचा जुडगा खिशातच. दुपारी उशिरा, संध्याकाळचं दूध यायला लागलं आणि लाइट गेली. टाकीतल्या थंड दुधाची काळजी नव्हती, ती टाकी थंडी धरून ठेवते. पण बाहेर ओट्यावर आणि पिकअपमध्ये नुकतंच काढलेलं कोमट दूध होतं आणि बाहेर रणरणतं ऊन.

साहेबांचा फोन बंद. मी पुन्हा पुन्हा लावत राहिले. मुख्य कार्यालयात लावला, तिथला माणूस म्हणाला, "तुमच्या साहेबांची परवानगी घ्या." वीज कार्यालयातून सांगितलं, तार तुटली आहे, वेळ लागेल.

मी मामांकडं गेले. ते ओट्याच्या सावलीत बसले होते.

"मामा, कुलूप तोडा. मी सांगते."

"तुमी सांगताव, ताई. तोडणार म्या."

"जबाबदारी माझी. लिहून देते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. राग नव्हता, तेच जास्त लागलं. "कुलूप तुटलं तर उद्या इचारतील, कुणी तोडलं? माझं नाव निघंल. दूध नासलं तर कुणाचंच नाव निघत न्हाय. लाइट गेल्ती, एवढंच निघतंय."

मी स्वतः दगड घेऊन गेले. कुलूप मोठं होतं. दोन-चार घाव घातले, कोयंडा वाकला, पण सुटला नाही. हाताला फोड आले. तेवढ्या माणसांतलं एकही पुढं आलं नाही. सगळे बघत होते, जसं रस्त्यावरचं भांडण बघतात.

लाइट आली तेव्हा दिवस कलला होता. मी ओट्यावरच्या प्रत्येक कॅनमधलं थोडं थोडं दूध उकळून बघितलं. बहुतेक फाटलं. मागच्या खड्ड्यात ते ओतलं तेव्हा आंबूस वास सगळ्या आवारात पसरला आणि कुत्री गोळा झाली. बायकांनी पहाटेपासून राबून, वैरण घालून काढलेलं दूध होतं ते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. "एवढी माणसं होतात. एकालाही कुलूप तोडायचं सुचलं नाही? म्हणूनच डोक्यावर बसावं लागतं तुमच्या."

वाकलेला कोयंडा त्यांनी पाहिला होता, पण तो कुणी वाकवला हे विचारलं नाही. मी सांगितलं. म्हटलं, "साहेब, तुम्हीच त्यांना न सुचायची सवय लावलीत." ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही हळव्या आहात."

वरून आदेश आला, की केंद्रावरचं नियंत्रण वाढवा. साहेब नसताना अडू नये म्हणून जनरेटरची एक चावी माझ्याकडं दिली गेली. मी ती त्याच दिवशी मामा बसायचे त्या कॉम्प्रेसरच्या पॅनेलजवळ नेली. त्यांनी हात मागं घेतला.

"नगं ताई. तुमच्याकडंच असू द्या."

"मामा, माझा विश्वास आहे तुमच्यावर."

"व्हय. पर मला आता सवय न्हाय ऱ्हायली."

पावसाळ्यानंतर त्यांनी काम सोडलं. निरोपाला साहेबांनी शाल घातली आणि इतका प्रामाणिक माणूस पाहिला नाही, असं मनापासून सांगितलं. मामा शालीची घडी घालत ऐकत राहिले.

त्यांच्या जागी एक तरणा ऑपरेटर आला. आयटीआय केलेला, हुशार. पहिल्या महिन्यात त्यानं पाण्याच्या पंपात एक चांगली सुधारणा सुचवली. साहेब म्हणाले, तुला सांगितलंय तेवढं कर. आता तो सांगितलेलं तेवढंच करतो. मी केंद्र सोडायच्या दिवशीही साहेब त्याच्याबद्दल समाधानानं बोलत होते.