लिलाबाईचं मत

इंझोरीत देवमनकाकांना कुणी भोळं म्हणत नसे. कुठल्याही कंपनीचा माणूस गावात मोटारसायकलवरून उतरला, की काका त्याला आधी चहा पाजत आणि मग नोंदणी क्रमांक विचारत. चहा संपेपर्यंत तो माणूस घाईत असल्याचं निघे.

काकांना हा नाद लागला तो त्यांच्या स्वतःच्या कंपनीमुळे. नऊ वर्षांपूर्वी गावोगाव, तांड्यातांड्यांवर पायपीट करून त्यांनी दोनशे चौदा सभासद जमवले आणि शेतकरी उत्पादक कंपनी उभी केली. ते तिचे अध्यक्ष. साध्या कंपनीत ज्याचे शेअर जास्त त्याचा आवाज मोठा, आणि शेतात कधी पाय न टाकलेला माणूसही तिथं मालक होतो. इथं सभासद फक्त पिकवणारा, शेअर बाहेरच्याला विकायची सोय नाही, आणि मत माणशी एकच. चाळीस एकरवाल्या दौलतरावांचं एक, तसंच काकांच्या बायकोचं, लिलाबाईचंही एक. तिच्या नावावर एकच एकर होता. दौलतरावांपुढं आयुष्यभर मान खाली घालून चाललेल्या काकांना या एका नियमानं वेड लावलं होतं, असं म्हटलं तरी चालेल.

कंपनीनं दोन हंगाम सोयाबीन खरेदी केलं, मग भाव पडला आणि काम थांबलं. गेल्या वर्षी एकोणतीस सप्टेंबरच्या सभेत दौलतरावांनी ठराव मांडला, की कंपनीचं गोदाम व्यापाऱ्याला देऊन टाकावं. लिलाबाईचं दुखणं तेव्हा फार वाढलेलं. तरी ती ऑटोत बसून आली, भिंतीला टेकली आणि विरोधात हात वर केला. मोजणी होईपर्यंत तिनं तो खाली घेतला नाही. चाळीस विरुद्ध एक्केचाळीस. गोदाम वाचलं. दिवाळीच्या तोंडावर लिलाबाई गेली. त्यानंतर काका ही गोष्ट भेटेल त्याला सांगत, आणि ऐकणारेही पुन्हा ऐकून घेत.

यंदा एक नवी कंपनी 'शेतकऱ्यांची आपली कंपनी' असा फलक घेऊन आली. काका तिचा जाहिरातीचा कागद खिशात घालून तालुक्याला, मानोऱ्याला पोचले. तिथं त्यांची लेक पौर्णिमा सेवा केंद्र चालवते.

"पाय बरं," काकांनी कागद तिच्यापुढं ठेवला, "हे खरंच आपल्यासारखी हाये का."

पौर्णिमानं केंद्र सरकारच्या कंपनी मंत्रालयाची वेबसाइट उघडली आणि कंपनीची माहिती असते तिथं नाव टाकलं. "बाबा, हे तर प्रायव्हेट लिमिटेड हाये. नावात प्रोड्यूसर कंपनी नाही. संचालक दोनच."

"उत्पादक कंपनीत पाच तरी लागतात," काका खुशीत म्हणाले. "मले वाटलंच होतं. आता आपलं काढ. लोकायले दाखवाले दोन्ही छापून घेऊ."

पौर्णिमानं नाव टाकलं. मग तिनं पडदा त्यांच्याकडं वळवला.

"बाबा, आपली कंपनी बंद दाखवून राह्यली. सरकारनं नोंदणीतून नाव काढून टाकलं हाये."

"चुकलं असन. पुन्हा पाय."

तिनं पुन्हा पाहिलं. नाव तेच, पत्ता तोच, संचालकांत पहिलं नाव देवमन.

"तुमी दर साली विवरणपत्र भरत होते ना?"

"धंदाच नव्हता, तं काय भरू?"

"धंदा नसला तरी भरा लागते, बाबा. त्यायनं नोटीस धाडली असन."

नोटीस आली होती. इंग्रजी पत्र सरकारी, म्हणून काकांनी ते घडी न मोडता कंपनीच्या फाइलीत नीट लावून ठेवलं होतं. साऱ्या जगाची नोंदणी तपासणाऱ्या माणसानं आपली एकदाही तपासली नव्हती.

"कधी काढलं नाव?"

"अकरा ऑगस्ट. गेल्या साली."

काकांनी बोटांवर काहीतरी मोजलं. त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे सभेच्या दिवशी कंपनी नव्हतीच?"

"नव्हती, बाबा." पौर्णिमाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मुंबईच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येते. त्यायनं नाव परत घेतलं, तं ते कधी निघालंच नव्हतं असं धरतात. पण सगळ्या सालाचे कागद भरा लागतीन. वकील लागन. लय दिवस जातीन."

काकांनी मान हलवली. त्यांना पुढचं फारसं ऐकू आलं नसावं.

"तुह्या मायले ऑटोत म्याच बसोलं होतं," ते म्हणाले. "ती नाही म्हणत होती. बसवत नाही म्हणे. म्या म्हटलं, तुह्या एका मतावर अडलं हाये."

दोन्ही छापील कागद घेऊन ते शेवटच्या एसटीनं गावी आले. दौलतरावांना आणि बाकीच्यांना सकाळी हे सांगायचं होतं, आणि चूक आपली हेही. सभेचं पुस्तक काढून त्यांनी ते पान उघडलं. विरोधात एक्केचाळीस, त्यांच्याच अक्षरात. खरं तर तिथं आता रेघ मारायला हवी होती. पेन उघडून ते बसून राहिले, आणि मग त्या आकड्यापुढं त्यांनी हळूच लिहिलं : लिलाबाई हजर होती.